विमान उतरताना कानाला दडे का बसतात?

विमान वर चढताना कान दुखला, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे क्वचितच कोणी येतं. येतात ते उतरताना कान दुखला म्हणून. कान-नाक-घशाच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, हेच सांगतील. वर जाताना आणि खाली येताना कानावर येणारा दाबाचा फरक सारखाच असतो, मग त्रास एकाच बाजूला का? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, की उतरताना काय करायचं, कधी करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे आपोआप कळतं.

आधी दाबाचं बघू. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आत बसलेल्यांना तिथली विरळ हवा मिळत नाही. केबिनमध्ये यंत्राने हवा भरून दाब राखलेला असतो. पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर जेवढा असेल तेवढा असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडा कमी. रक्तदाब मोजतो त्याच एककात सांगायचं तर समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो आणि सात हजार फुटांवर तो ५८६ च्या आसपास येतो. मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशाच्या भोवतालचा दाब तासाभराच्या प्रवासानंतर वीस-एक मिनिटांत सुमारे १७४ मिलिमीटरने वाढतो. प्रवासात अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली घट्ट झाकण लावून पुढच्या खिशात ठेवली असेल, तर उतरल्यावर ती चेपलेली दिसते ती यामुळेच. आतली हवा वरच्या विरळ दाबाची राहिली आणि बाहेरचा दाब वाढला.

आपल्या कानातही अशी बंद हवा आहे. कानाच्या भोकातून आत गेलं की सुमारे अडीच सेंटिमीटरवर पडदा लागतो. त्याच्या पलीकडे मध्यकर्ण नावाची छोटी पोकळी असते. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडं तिथेच असतात. या पोकळीला बाहेरची हवा मिळण्याचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी नळी. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते. तिचा कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडात कोरलेला, ताठ असतो. घशाकडचा उरलेला दोन तृतीयांश भाग कूर्चेचा आणि मऊ आवरणाचा असतो. एरवी या मऊ भागाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणजे नळी बंद असते. ती बंदच असायला हवी. काही जणांची नळी सतत उघडी राहते, त्यांना स्वतःचा आवाज आणि श्वाससुद्धा कानात घुमताना ऐकू येतो आणि ते हैराण होतात.

आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूला ताण देणारा एक लहानसा स्नायू या नळीची भिंत बाजूला ओढतो. अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ नळी उघडते, हवेची देवाणघेवाण होते आणि ती पुन्हा मिटते. शांत खोलीत आवंढा गिळून बघा, दोन्ही कानांत हलकासा ‘टक्’ आवाज येतो. तो या नळीचा.

विमान वर चढताना केबिनमधला दाब कमी होतो, मध्यकर्णातली हवा फुगते आणि पडदा बाहेरच्या बाजूला थोडा ताणला जातो. आतला दाब पंधरा मिलिमीटरच्या आसपास जास्त झाला, की ही हवा ताठ टोकाकडून मऊ टोकाकडे ढकलत स्वतःच नळी उघडते आणि घशात निसटते. त्यासाठी आपल्याला काहीही करावं लागत नाही, झोपलेल्या माणसाचाही कान मोकळा होतो.

उतरताना हेच उलट दिशेने होत नाही. आता जास्त दाब घशाच्या बाजूला आहे, आणि त्याच बाजूला नळीचा मऊ भाग आहे. हवा त्या भागातून वाट काढत कानाकडे जाण्याऐवजी त्याच्या भिंती बाहेरून दाबून आणखी घट्ट चिकटवते. कानात तयार झालेली पोकळी आतून ओढत असते, तीही मऊ भिंतींना मिटवायलाच मदत करते. भिजलेल्या कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढायचा प्रयत्न केलात, तर जितक्या जोराने ओढाल तितकी स्ट्रॉ चपटी होते आणि तोंडात काहीच येत नाही. तसाच हा प्रकार आहे. म्हणून उतरताना नळी आपोआप उघडेल अशी वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. स्नायूने ती ओढून उघडायलाच लागते.

आणि त्या स्नायूची ताकद मर्यादित आहे. १९३७ मध्ये हॅरी आर्मस्ट्राँग आणि जे. डब्ल्यू. हाइम या अमेरिकी लष्करी संशोधकांनी दाब बदलता येणाऱ्या कक्षात माणसांना बसवून हे मोजलं. दाबाचा फरक ८० ते ९० मिलिमीटरच्या पुढे गेला, की कितीही आवंढे गिळले तरी नळी उघडत नाही. डॉक्टर त्याला नळी ‘लॉक’ झाली म्हणतात. त्याच्या आधी, साठ मिलिमीटरच्या सुमारास, कान चांगलाच दुखू लागलेला असतो. पडदा आठ-दहा मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा. नव्वद मिलिमीटरच्या फरकाला त्याच्यावर आतल्या बाजूला सुमारे सत्तर ग्रॅम वजनाइतका जोर पडतो. कानाचा पडदा आणि त्याच्या आतलं आवरण यांना संवेदना भरपूर असते, त्यामुळे ही कळ सुईने टोचल्यासारखी तीव्र असते.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं उदाहरण सांगते. चाळिशीच्या, प्रकृतीने धडधाकट, दिल्लीहून मुंबईला आलेल्या. चार दिवसांची सर्दी होती, नाक चोंदलेलं होतं. संध्याकाळचं विमान, दमल्या होत्या, खिडकीशी डोकं टेकून झोपल्या. उतरायची घोषणा त्यांनी ऐकलीच नाही. डाव्या कानात कळ आली तेव्हा जाग आली. मग पाणी प्यायल्या, आवंढे गिळले, आणि शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं म्हणून नाक चिमटीत धरून जीव खाऊन फुंकर मारली. कान सुटला नाही. विमान टेकलं तेव्हा कळ ओसरली होती, पण डाव्या बाजूला सगळं लांबून, पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, कानात काहीतरी अडकलंय. रात्री आईने कोमट तेल घातलं, तरी सुटत नाही.”

त्यांच्या वीस मिनिटांचा हिशेब मांडू. केबिनमधला दाब साधारण मिनिटाला साडेतीनशे फूट उतरल्याच्या हिशेबाने वाढवतात. सात हजारांवरून सुरुवात केली तर दहा मिनिटांनी केबिन साडेतीन हजार फुटांवर येते आणि तिथला दाब ६६८ च्या आसपास असतो. म्हणजे कानात अजून ५८६ ची हवा असेल तर फरक ८२ मिलिमीटरचा झाला. आणखी एखाद मिनिटात तो नव्वदला पोहोचतो. जागेपणी आपण नकळत मिनिटाला एखादा आवंढा गिळत असतो, झोपेत तो खूप कमी होतो. त्यात सर्दीमुळे नळीच्या तोंडाभोवतालचं आवरण सुजलेलं होतं, म्हणजे जे थोडे आवंढे गेले असतील त्यांनीही नळी नीट उघडली नसणार. बाईंना जाग आली तेव्हा नळी लॉक होऊन गेली होती, आणि जमीन अजून तीन हजार फूट खाली होती. त्यानंतर केलेला प्रत्येक प्रयत्न उशिराचा होता. लष्करी वैमानिकाला अशा वेळी पुन्हा थोडं वर जाऊन कान मोकळा करून घेता येतो. प्रवाशाला ती सोय नाही.

ऑटोस्कोपमधून पाहिलं तेव्हा त्यांचा पडदा आत खेचला गेला होता. हातोडीच्या दांड्याजवळ रक्तवाहिन्या लालभडक उठून दिसत होत्या, आणि पडद्यामागे पिवळसर पाण्याची रेषा होती. हे पाणी बाहेरून गेलेलं नव्हतं. पोकळीतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका कमी झाला की भोवतालच्या आवरणातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून आत आला. जिथे हवा पोहोचू शकली नाही, ती जागा शरीराने पाण्याने भरून काढली. फरक याहून मोठा असेल तर नुसतं पाणी न येता रक्त येतं आणि पडदा जांभळट दिसतो, किंवा पडदा फाटतो. पडदा फाटल्याबरोबर कळ थांबते, हे लक्षात ठेवायला हवं. एकदम बरं वाटलं आणि कानातून ओल आली, तर ते सुटकेचं लक्षण समजू नये.

कमी ऐकू येण्याचं कारणही इथेच आहे. आवाज ऐकू यायचा तर पडद्याने दोन्ही बाजूंना सहज थरथरायला हवं. आत खेचलेला पडदा ताठ होतो, त्याच्याशी जोडलेली हाडं आखडतात, आणि मागे पाणी असेल तर हालचाल आणखी मंदावते. दाब वाढलेला असतानाच दडे बसतात असं नाही. पाणी साचलेलं असेल तर जमिनीवर आल्यावर दाब सारखा झाला तरी ऐकू कमीच येतं, आणि ते पाणी शोषलं जाईपर्यंत तसंच राहतं. नुसत्या दड्यांना काही तास ते एक-दोन दिवस पुरतात. पाणी साचलं असेल तर दोन-तीन आठवडेही लागतात. बाईंच्या आईने मायेने घातलेलं तेल पडद्याच्या अलीकडेच राहिलं, दुखणं पलीकडे होतं. पडदा फाटलेला असता तर तेच तेल आत जाऊन जंतुसंसर्ग झाला असता. म्हणून विमानप्रवासानंतर दुखणाऱ्या कानात तेल, पाणी किंवा घरात उरलेले थेंब, यातलं काहीही तपासल्याशिवाय घालू नका, असं मी कळकळीने सांगते.

मग करायचं काय? मुख्य गोष्ट वेळेची आहे. विमान टेकण्याच्या पंचवीस-तीस मिनिटं आधी इंजिनाचा आवाज उतरतो, विमानाचं नाक किंचित खाली झुकल्याचं जाणवतं. तिथून सुरुवात करायची, कान दुखायची वाट बघायची नाही. जागं राहायचं. दर मिनिटाला एक-दोनदा आवंढा गिळायचा. तोंड कोरडं पडतं म्हणून गोळी चघळायची किंवा पाण्याचे घोट घ्यायचे. पूर्वी आपल्याकडच्या विमानांत उतरण्याआधी गोळ्यांचा ट्रे फिरायचा, तो केवळ पाहुणचार नव्हता. फरक दहा-पंधरा मिलिमीटरचा असतानाच नळी उघडली, तर ती सहज उघडते. दर वेळी थोडा थोडा हिशेब मिटत जातो आणि नव्वदपर्यंत गोष्ट जातच नाही.

नुसत्या आवंढ्याने भागत नसेल तर दोन पद्धती आहेत. एक म्हणजे नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा. ही पद्धत लंडनचे कानतज्ज्ञ जोसेफ टॉयन्बी यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरी इटलीच्या अंतोनियो वाल्साल्वा यांच्या नावाची. तोंड मिटून, नाक चिमटीत धरून, गाल फुगू न देता हलकेच हवा नाकाकडे ढकलायची. तीही दोन-तीन सेकंदच. टक् आवाज झाला की थांबायचं. आधी नाक हळुवार शिंकरून घ्यायचं, म्हणजे शेंबूड नळीकडे ढकलला जात नाही. हलकेच या शब्दावर माझा भर आहे. नळी लॉक झाल्यावर जोराने फुंकर मारली तर घशातला दाब त्या मऊ भिंतींना आणखी दाबतो, डोक्यातल्या शिरा भरून आवरण आणखी सुजतं, आणि तो जोर अंतर्कर्णापर्यंत पोहोचून तिथली नाजूक खिडकी फाटू शकते. ती फाटली तर ऐकणं कायमचं जाऊ शकतं. त्या शेजारच्या गृहस्थांचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण त्या क्षणी तो धोक्याचा होता. कळ सुरू झाल्यावर नाक धरून आवंढा गिळत राहावं, जबडा पुढे काढून जांभई द्यावी, आणि जोर मात्र लावू नये.

हा एकतर्फी स्वभाव एकदा कळला, की इतर अनुभवांचाही उलगडा होतो. लेहचा विमानतळ १०,६०० फुटांवर आहे, म्हणजे केबिनच्या नेहमीच्या उंचीपेक्षाही वर. त्यामुळे लेहला उतरताना केबिनमधला दाब वाढत नाही, उलट कमी करत आणावा लागतो, आणि कानाच्या दृष्टीने ते चढणंच असतं. परतीला मात्र विमान वर चढू लागतं तेव्हाच केबिनमधला दाब वाढायला लागतो. तिथून मुंबईला आलं तर एकूण दहा हजार फुटांहून जास्त फरक कानाला पचवावा लागतो. तारकर्लीला पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी हीच गोष्ट कितीतरी झटपट घडते. पाणी हवेपेक्षा इतकं जड की नव्वद मिलिमीटरचा फरक जेमतेम सव्वा मीटर खोलीवरच होतो. पोहणारा पुरता बुडालेलाही नसतो आणि नळी लॉक होऊ शकते. म्हणून तिथले प्रशिक्षक डोकं पाण्यात घालताच कान मोकळा करायला लावतात.

सर्दी असेल तर प्रवास पुढे ढकलणं सगळ्यात उत्तम. वैमानिक आणि केबिनमधले कर्मचारी सर्दीत उड्डाण टाळतात ते यासाठीच. ज्यांना जावंच लागतं त्यांच्यासाठी नाक मोकळं करणारी औषधं आहेत. स्यूडोएफेड्रिनची गोळी उतरण्याच्या बऱ्याच आधी घेतली तर मोठ्यांचा त्रास कमी होतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. पण रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती चालत नाही, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यावी. नाकात मारायचे स्प्रे उतरण्याच्या अर्धा तास आधी मारतात. त्यांचा गुण गोळीइतका खात्रीचा नाही, आणि दिवसेंदिवस वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. दाब हळूहळू आत सोडणारे म्हणून जे इअरप्लग मिळतात, ते बाहेरच्या कानात बसतात. अडचण मध्यकर्णातल्या नळीची असताना त्यांच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

तान्ह्या मुलांची नळी लहान आणि आडवी असते, आणि स्नायूही कच्चा. उतरायला सुरुवात झाली की अंगावर पाजावं किंवा बाटली द्यावी, आणि दूध टेकेपर्यंत पुरवावं. झोपलेल्या बाळाला उठवायला आयांचं मन होत नाही, पण उतरताना त्याला जागं करून पाजलेलं बरं. ज्या मुलांच्या पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवलेली असते, त्यांचा कान मात्र विमानात दुखत नाही. पडद्यालाच भोक असल्यामुळे दाब तिथूनच सारखा होतो. पडदा जुना फाटलेला आहे म्हणून विमानात बसायला घाबरणाऱ्यांनाही मी हेच सांगते.

आता त्या शिक्षिकेकडे परत येऊ. पाणी साचल्याने कमी ऐकू येतंय, की अंतर्कर्णाला इजा झाली आहे, हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण दुसऱ्या प्रकारात उपचाराला दिवसही उशीर करून चालत नाही. मी त्यांना तोंड मिटून गुणगुणायला सांगितलं. “आवाज कुठल्या कानात जास्त घुमतोय?” त्या म्हणाल्या, डाव्या. म्हणजे बसलेल्या कानात. पडदा आणि हाडांची अडचण असेल तर आवाज दडे बसलेल्या बाजूला जास्त घुमतो, आणि अंतर्कर्ण किंवा नस दुखावली असेल तर चांगल्या बाजूला. कपाळाच्या मध्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवून आम्ही हेच पडताळून पाहतो, त्यांचं उत्तर तसंच आलं. ऑडिओमेट्रीतही अंतर्कर्ण शाबूत निघाला. ही गुणगुण घरीसुद्धा करून बघता येते. तिने शंभर टक्के निदान होत नाही, पण आवाज चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. तसंच गरगरून भोवळ येत असेल, कानात मोठा आवाज सतत घुमत असेल, ऐकू येणं एकदम गेलं असेल, किंवा रक्त वा पाणी बाहेर आलं असेल तर थांबू नये.

बाईंना मी सर्दीचं औषध, वेदनेसाठी साधी गोळी आणि दिवसातून बऱ्याचदा नाक धरून आवंढा गिळायला सांगितलं. अँटिबायोटिक दिलं नाही, जंतुसंसर्ग नव्हताच. त्यांना नऊ दिवसांनी पुन्हा दिल्लीला जायचं होतं. आठव्या दिवशी तपासलं तेव्हा पाण्याची रेषा बरीच खाली आली होती, पण मागे हवेचे बुडबुडे दिसत होते, म्हणजे नळी उघडायला लागली होती. नाक धरून आवंढा गिळताना पडदा हलताना मला ऑटोस्कोपमधून दिसला. तो हलला नसता तर मी त्यांना रेल्वेने जायला सांगितलं असतं. विमानाने जा, म्हटलं, पण दिल्ली जवळ आली की झोपू नका.